एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला मायनस सहा तसाच: नवा चष्मा का सोसत नाही आणि मग काय करायचं

सोलापुरात चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करतो. उन्हाळा संपला की मोतीबिंदूची ऑपरेशनं करून घेतलेली मंडळी नवा चष्मा बनवायला येतात, आणि त्यात एक प्रकारची तक्रार दरवर्षी असतेच. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, छान दिसतंय, दुसऱ्या डोळ्याला जुना मोठा मायनस नंबर आहे, तोही बरोबर काढलाय, चष्मा कागदाप्रमाणे अगदी नीट बनलाय, आणि तरी माणूस म्हणतो हा चष्मा घातला की डोकं गरगरतं, दोन-दोन दिसतं, काढून ठेवला की बरं वाटतं. घरचे म्हणतात नंबर चुकला, दुकानदार म्हणतो सवय होईल, डॉक्टरांकडे गेलं तर डोळा उत्तम आहे म्हणतात, आणि तिघांपैकी कुणी मुद्दाम खोटं बोलत नसतं. पण सवय काही होत नाही. का होत नाही ते आणि अशा वेळी क्रमाने काय करायचं ते इथे लिहितोय. ज्यांच्या घरात आई-वडील किंवा काका-मामा या टप्प्यावर आहेत आणि ज्यांनी हा प्रकार पहिल्यांदाच ऐकलाय त्यांच्यासाठी आहे हे.

एकच उदाहरण धरून जाऊ म्हणजे आकडे डोक्यात राहतील. आमच्याकडे एक अण्णा आले होते, वय साठीच्या पुढे, आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या लूमवर गेलेलं. तरुणपणापासून दोन्ही डोळ्यांना मोठा मायनस, उजव्याला साडेसहा, डाव्याला सहा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला म्हणून त्याचं ऑपरेशन झालं, आत भिंग बसवलं आणि लांबचा नंबर जवळपास शून्यावर आला. डाव्यात मोतीबिंदूची नुसती सुरुवात होती, चष्मा लावून त्या डोळ्याने पाटीवरच्या खालच्या ओळी वाचता येत होत्या, म्हणून ते ऑपरेशन नंतर बघू असं ठरलं. मग घरच्यांनी खर्च वाचवायला म्हणून जुन्या चष्म्याची उजवी काच काढून तिथे साधी बिननंबरची काच बसवून घेतली. हे खूप जण करतात आणि वरवर बघता बरोबरच वाटतं, की ज्या डोळ्याला नंबर नाही तिथे साधी काच आणि ज्याला आहे तिथे नंबरची. अण्णा तो चष्मा घालून जिना उतरायला लागले आणि म्हणाले, "पायऱ्या वर-खाली दोन-दोन दिसालेत बघा, पाय कुठं ठेवायचा तेच कळंना."

आधी कागद नीट वाचा

पहिलं काम म्हणजे नंबरचा कागद हातात घ्या. उजवा आणि डावा अशा दोन ओळी असतात, काही ठिकाणी ओडी आणि ओएस लिहितात, ओडी म्हणजे उजवा, ओएस म्हणजे डावा. पहिल्या रकान्यात जो आकडा आहे तो मुख्य नंबर, त्याच्या पुढचं चिन्ह फार महत्त्वाचं, मायनस की प्लस. आता दोन डोळ्यांतला फरक काढा. दोघांचं चिन्ह सारखं असेल तर वजाबाकी, उलटं असेल तर बेरीज, म्हणजे एक डोळा प्लस एक आणि दुसरा मायनस तीन असला तर फरक दोन नाही, चार आहे. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अण्णांचा फरक सहा.

एक-दीडपर्यंतचा फरक असला तर सहसा कुणाला काही वाटत नाही, नवीन चष्म्याचं थोडं वेगळेपण आठ-दहा दिवसांत जातं. दोनच्या पुढे काहींना जाणवायला लागतं. तीनच्या पुढे फरक असेल आणि दोन्ही डोळ्यांची नजर चांगली असेल तर चष्मा बनवायच्या आधीच थांबून विचार करायला पाहिजे. "दोन्ही डोळ्यांची नजर चांगली असेल तर" हे मुद्दाम लिहिलंय, कारण एक डोळा लहानपणापासून आळशी असेल तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकायला शिकलेला असतो आणि अशा माणसाला कितीही फरक असला तरी सहसा दोन-दोन दिसत नाही. अण्णांसारख्यांचं उलट आहे, साठ वर्षं दोन्ही डोळे जोडीने काम करत आलेत, त्यामुळे दोन चित्रं जुळली नाहीत की त्रास पुरेपूर होतो.

चित्र लहान-मोठं कसं होतं

मायनसची काच लांबचं स्पष्ट करते पण त्याबरोबर वस्तू लहान करून दाखवते. प्लसची काच मोठी करून दाखवते. मोठ्या मायनसवाल्या माणसाकडे समोरून बघितलं की त्याचे डोळे चष्म्यामागे बारीक दिसतात ना, तेच कारण. आणि हे लहान-मोठं होणं दोन गोष्टींवर अवलंबून आहे, नंबर किती आहे आणि काच डोळ्यापासून किती लांब आहे.

काच डोळ्याच्या बुबुळापुढे साधारण १२ मिलिमीटरवर असते, आणि डोळ्याच्या आत प्रकाश जिथून शिरतो ती जागा हिशोबासाठी अजून ३ मिलिमीटर आत धरतात, म्हणजे एकूण १५ मिलिमीटर, मीटरमध्ये ०.०१५. अण्णांच्या डाव्या काचेचा नंबर ६. तर ०.०१५ गुणिले ६ म्हणजे ०.०९, मायनस असल्याने ते एकात मिळवायचं, झालं १.०९, आणि १ भागिले १.०९ म्हणजे साधारण ०.९२. म्हणजे डाव्या डोळ्याला जग ८ टक्क्यांनी लहान दिसतंय आणि उजव्या डोळ्यापुढे साधी काच असल्याने तिथे जसंच्या तसं. भिंतीवरचं ३० सेंटीमीटरचं घड्याळ उजव्याला ३० चं आणि डाव्याला साडेसत्तावीसचं. सोपा अंदाज हवा असेल तर दर एका नंबरामागे साधारण दीड टक्का धरा, मोठ्या नंबरला तो थोडा कमी होत जातो पण अंदाजाला पुरतो.

आता मेंदूला ही दोन चित्रं एकावर एक ठेवून एक करायची असतात. फोनवर एकच फोटो दोनदा उघडा, दुसरा थोडा झूम करा आणि पहिल्यावर ठेवून बघा, मधला भाग जुळवला की कडा सुटतात आणि कडा जुळवल्या की मधला भाग सुटतो, तसंच होतं हे. एक-दोन टक्के फरक मेंदू सहज पचवतो. तीन-चार टक्क्यांवर डोळे दुखणं, कपाळ धरणं, वाचताना लवकर थकवा असं सुरू होतं. पाचच्या पुढे बहुतेक मोठ्या माणसांना दोन चित्रं नीट एक करताच येत नाहीत. आणि अण्णांचा फरक आठ आहे, म्हणून "पंधरा दिवस घाला, सवय होईल" हा सल्ला इथे लागू पडत नाही, हे मी ठाम सांगतो, कारण लोक बिचारे महिना महिना डोकं धरून घालतात.

मग ऑपरेशनच्या आधी त्रास का नव्हता असं अण्णांच्या सूनबाईंनी विचारलं, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. तेव्हाही डावा ८ टक्के लहान बघत होता, पण उजवाही साडेसहाच्या काचेतून जवळपास ९ टक्के लहान बघत होता. दोन्हीकडे सारखंच लहान, फरक एक टक्क्याच्याही आत. ऑपरेशनने उजव्याचं चित्र खऱ्या आकाराचं झालं आणि डावं मागे राहिलं.

ज्यांना वाचायची आवड आहे त्यांना इंटरनेटवर एक वेगळीच गोष्ट सापडेल, की डोळ्याची लांबी वाढल्यामुळे नंबर आला असेल तर चष्म्यानेच दोन्ही चित्रं सारखी होतात आणि कॉन्टॅक्ट लेन्सने बिघडतात. पुस्तकात तो नियम आहे, नॅपचा नियम म्हणतात, पण तो एक डोळा दुसऱ्यापेक्षा लांब असलेल्यांसाठी आहे. अण्णांचे दोन्ही डोळे जवळपास सारख्याच लांबीचे, नंबरातला फरक आला तो उजव्यात बसवलेल्या भिंगामुळे. म्हणून इथे तो नियम धरून बसू नका.

दुसरा त्रास, खाली बघताना होणारा

आकाराचा फरक ही अर्धी गोष्ट झाली. अण्णांचा जिना दोन दिसत होता त्यामागे अजून एक कारण आहे आणि माझ्या मते खूप जणांना खरा छळ याचाच होतो.

चष्म्याच्या काचेला एक मधला बिंदू असतो. तिथून बघितलं की वस्तू जिथल्या तिथे दिसते. त्या बिंदूच्या खालून किंवा बाजूने बघितलं की काच प्रिझमसारखी वागते आणि वस्तू सरकवून दाखवते. किती सरकवते त्याचा हिशोब सरळ आहे, मधल्या बिंदूपासून किती सेंटीमीटर लांबून बघताय गुणिले नंबर. वाचताना किंवा पायरी बघताना नजर साधारण ८ मिलिमीटर खाली जाते असं धरा, तर ०.८ गुणिले ६ म्हणजे ४.८ प्रिझम, या सरकण्याच्या मापालाही प्रिझमच म्हणतात. डाव्या डोळ्याला पायरी तेवढी वर सरकलेली दिसते, उजव्याला जागेवरच. आडवा फरक डोळे आत-बाहेर वळून बऱ्यापैकी भरून काढतात, पण एक डोळा वर आणि एक खाली असं वळणं माणसाला फारसं जमत नाही, दोन-तीन प्रिझमच्या पुढे बहुतेकांचं सुटतं आणि वस्तू वर-खाली दोन दिसतात. दोन्ही काचा सारख्या नंबरच्या असल्या की दोन्हीकडे सारखंच सरकतं, म्हणून तेव्हा काही कळत नाही.

म्हणूनच इतक्या फरकात बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काच बनवताना दहादा विचार करा. त्यात वाचायचा भाग खालीच असतो, म्हणजे माणसाला मुद्दाम त्या त्रासाच्या जागेतून बघायला लावतो आपण. महागडी प्रोग्रेसिव्ह घेऊन कपाटात पडलेले चष्मे मी बघितलेत.

घरी बसून ओळखायचं कसं

हे सगळं खुर्चीवर बसून करायचं, चालता-चालता नाही.

नवा चष्मा घाला आणि एक डोळा हाताने झाका. त्रास गेला का? मग दुसरा झाका. कुठलाही एक डोळा झाकला की बरं वाटतंय आणि दोन्ही उघडे ठेवले की त्रास, असं असेल तर त्रास दोन चित्रं न जुळण्याचा आहे, काचेच्या चुकीचा नाही. पण एकच डोळा उघडा असताना पण धूसर, तिरकं किंवा दोन दिसतंय असं असेल तर गोष्ट वेगळी, त्या डोळ्याचा नंबर, सिलिंडरचा म्हणजे तिरक्या नंबराचा अँगल किंवा त्या डोळ्याचं आतलं काहीतरी तपासायला हवं, त्यासाठी परत जा आणि हे असं झाकून बघितलं हे त्यांना सांगा.

पुढचं. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे किंवा दाराच्या चौकटीकडे नाक सरळ धरून बघा, म्हणजे काचेच्या मधून. मग डोकं न हलवता फक्त नजर खाली न्या, मांडीवरच्या पेपरकडे. सरळ बघताना ठीक आणि खाली नजर नेली की दोन होतंय, तर प्रिझमचा भाग जास्त. सरळ बघतानाही चित्र जुळत नाही, कडा दुहेरी, डोळे ओढल्यासारखे, तर आकाराचा भाग जास्त. आता पेपर डोळ्यांसमोर उचलून धरा किंवा हनुवटी खाली करून बघा, दोन दिसायचं थांबलं तर नक्कीच प्रिझम. अण्णांना दोन्ही होतं, सहाच्या फरकात दोन्ही असतंच.

आकाराचा फरक बघायला डोळे आलटून पालटून मिटत घड्याळाकडे बघा. आठ टक्के सहज कळतो, तीन टक्के अशाने कळेलच असं नाही. दुकानात किंवा दवाखान्यात आम्ही एका डोळ्यापुढे प्रिझम धरतो, त्याने एकाच वस्तूची दोन चित्रं एकाखाली एक दिसतात आणि त्यातलं लहान कुठलं ते पेशंट पटकन सांगतो.

काय करून फायदा नाही

उपायांच्या आधी हे सांगतो म्हणजे पैसे वाचतील. पातळ काच, म्हणजे हाय इंडेक्स, घेतली की त्रास जाईल असं सर्रास सांगितलं जातं. पातळ काच हलकी असते, कड जाड दिसत नाही, तेवढ्यासाठी जरूर घ्या. पण चित्र किती लहान होणार हे नंबर आणि अंतर ठरवतं, काच पातळ केली म्हणून सहाचा नंबर पाच होत नाही. प्रिझमचंही तेच.

चष्मा डोळ्याजवळ बसवणं हा उपाय खरा आहे पण तोकडा. दोन मिलिमीटर आत घेतला तर आठचे सात टक्के होतात, बस. फरक तीनच्या आसपास असेल तिथे अर्धाच टक्का मिळतो, पण तोही कामी येतो, म्हणून लहान फ्रेम, नाकावर नीट बसणारी, घसरणारी नको, हे मी सांगतोच. काचेची गोलाई आणि जाडी बदलून चित्राचा आकार बदलणाऱ्या खास काचाही बनवता येतात, पण मायनस काचेत त्याने एक-दोन टक्क्यांपलीकडे मिळत नाही आणि गोलाई वाढवली की काच डोळ्यापासून लांब जाऊन मिळवलेलं थोडं परत जातं. आठ टक्क्यांपुढे हे पुरं पडत नाही.

मग करायचं काय

तीन वाटा आहेत.

पहिली कॉन्टॅक्ट लेन्स, फक्त डाव्या डोळ्यात. लेन्स थेट बुबुळावर बसते त्यामुळे ते १२ मिलिमीटरचं अंतरच जातं, हिशोबात फक्त ३ उरतात. काच जवळ आली की नंबरही थोडा कमी लागतो, मायनस सहाचा चष्मा असेल तर लेन्स साधारण साडेपाचची लागते. तोच हिशोब परत करा, चित्र दोन टक्क्यांच्या आत लहान होतं. आठवरून दोनच्या आत. आणि लेन्स डोळ्याबरोबर फिरते, खाली बघितलं तरी नजर लेन्सच्या मधूनच जाते, म्हणून प्रिझमचा त्रास जवळपास संपतो. अण्णांना खुर्चीवर बसवून ट्रायल लेन्स घातली, पाच-दहा मिनिटं डोळा स्थिर होऊ दिला आणि दुकानाची पायरी उतरायला सांगितली, दोन वेळा उतरले-चढले आणि म्हणाले एकच दिसालीय. विकत घ्यायची नसली तरी ट्रायल लेन्स एकदा घालून बघा, कारण त्याने त्रास कशाचा आहे हे तिथल्या तिथे पक्कं होतं.

ऑपरेशन उजव्याचं झालंय आणि लेन्स डाव्यात घालायचीय, त्यामुळे टाके-जखम असला प्रश्न त्या डोळ्याला नाही, तरी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. अडचणी वेगळ्या असतात. या वयात डोळे कोरडे असतात, बोटं थरथरतात, आणि आपल्याकडची धूळ आणि ऊन, त्यात कारखान्यात बसणारा माणूस असेल तर कापसाची रजी उडतच असते. रोज नवी घालून रात्री टाकून द्यायची लेन्स असेल तर धुण्या-ठेवण्याची भानगड राहत नाही. नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही, घालून झोपायचं नाही, डोळा लाल झाला किंवा दुखला की लगेच काढायची आणि डॉक्टरांना दाखवायचा. एवढं पाळणं घरात जमणार नसेल तर ही वाट सोडून द्या. जमत असेल तर वाचायला वरून साधा रीडिंगचा चष्मा लागेल, दोन्ही डोळ्यांना सारख्या नंबरचा.

दुसरी वाट म्हणजे डाव्या काचेत पूर्ण नंबर न देणं. अण्णांना लेन्स पटली पण रोज घालणं नको वाटलं, म्हणून आम्ही हे केलं. डाव्यात सहाच्या जागी साडेतीन दिला. अडीच नंबर मुद्दाम कमी ठेवला की त्या डोळ्याला ४० सेंटीमीटरवरचं स्पष्ट दिसतं, म्हणजे पेपर वाचायचं अंतर. उजवा डोळा लांबचं बघणार, डावा जवळचं. आकाराचा फरक आठवरून पाचवर येतो, आणि लांब बघताना डावं चित्र धूसर असल्याने मेंदूला ते दुर्लक्षित करणं सोपं जातं, स्पष्ट चित्र दुर्लक्षित करणं अवघड असतं. जवळ बघताना उजवं धूसर, त्यामुळे तिथेही भांडण कमी. वाचायला वेगळा चष्मा नको, बायफोकल नको. पण याची किंमत आहे, अंतराचा अंदाज कमी होतो. सुईत दोरा ओवणं, चहा ओतणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी. अण्णांना मी स्पष्ट सांगितलं की ही सोय चालू आहे तोवर स्कूटर नाही, सात रस्ता चौकाच्या गर्दीत तर अजिबात नाही, आणि जिना कठडा धरून. ट्रायल फ्रेममध्ये हे नंबर घालून अर्धा तास दुकानात बसवून, चालवून, पेपर वाचायला लावून मगच काच बनवली, हे तुम्हीही मागा. कुठलाही चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही.

साडेतीनच का, असं काही ठरलेलं नाही. काहींना अडीचच चालतो, काहींना साडेचार लागतो, ट्रायल फ्रेममध्ये पाव-अर्ध्याने कमी-जास्त करत पेशंट जिथे शांत होतो तो नंबर. काही जण डावी काचही साधीच ठेवतात आणि सहाच्या डोळ्याने सोळा-सतरा सेंटीमीटरवर, अगदी नाकाजवळ धरून, औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचतात, तेही चुकीचं नाही.

तिसरी वाट दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि कायमचा उपाय हाच. इथे लोक अडतात कारण "डाव्याला चांगलं दिसतंय, मोतीबिंदू पिकलेला नाही, मग कशाला." पण दोन डोळ्यांत एवढा फरक पडून माणूस चष्माच लावू शकत नाही, हे दुसरं ऑपरेशन लवकर करायचं एक मान्य कारण आहे, मोतीबिंदू कच्चा असला तरी. डॉक्टरांकडे जाताना नुसतं "दिसत नाही" म्हणू नका, कारण तपासणीत एकेका डोळ्याने दिसतंच. "दोन्ही डोळ्यांनी मिळून बघता येत नाही, पायऱ्या दोन दिसतात, चष्मा लावता येत नाही" असं सांगा, आणि वरचं झाकून बघायचं काय निघालं तेही सांगा. कधी करायचं हे तेच ठरवतील, मोठ्या मायनसच्या डोळ्यात आधी पडदाही नीट तपासावा लागतो.

अण्णांनी काही महिने ती साडेतीनची काच वापरली आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाल्यावर डाव्याचं ऑपरेशन करून घेतलं. सगळं बसल्यावर उजव्याला पाव मायनस, डाव्याला अर्धा, फरक पावाचा. वाचायला दोन्हीकडे अडीचचा साधा रीडिंग चष्मा.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर

तुमच्या घरातल्या माणसाला दोन्ही डोळ्यांना चार-पाचच्या वर मायनस असेल आणि पहिलं ऑपरेशन ठरत असेल तर हे सगळं आधीच टाळता येतं. भिंगाचं माप घ्यायच्या दिवशी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. ऑपरेशननंतर या डोळ्याचा नंबर किती राहील असं धरलंय? आणि दुसऱ्या डोळ्याचं काय, ते किती दिवसांनी? दुसरं लवकरच करायचं असेल तर पहिला शून्यावर आणला तरी चालतं, मधले थोडे आठवडे काढता येतात. पण दुसरं वर्ष-दोन वर्षं करायचंच नसेल तर पहिल्याला शून्य न करता मायनस दोन-अडीच ठेवता येतो का हे विचारा, मग सहाच्या दुसऱ्या डोळ्याशी फरक साडेतीन-चारवर राहतो आणि चष्मा सोसण्याची शक्यता खूप वाढते. शिवाय जन्मभर मायनसवाला असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येत राहतं, ते त्याला फार प्रिय असतं. भिंग एकदा बसलं की हा प्रश्न विचारून उपयोग नाही.

पक्का चष्मा बनवायची घाई करू नका, ऑपरेशननंतर नंबर स्थिर व्हायला साधारण महिना-दीड महिना जातो, तोपर्यंत काय वापरायचं ते वरच्यातून ठरवा.

एक गोष्ट मात्र सवयीच्या किंवा चष्म्याच्या खात्यात टाकू नका. अचानक डोळ्यापुढे काळे ठिपके वाढले, बाजूला वीज चमकल्यासारखं झालं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं, डोळा लाल होऊन दुखायला लागला, किंवा चष्मा काढूनही दोन्ही डोळ्यांनी एकाएकी दोन दिसायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर. मोठ्या मायनसच्या डोळ्यात पडदा सुटण्याचा धोका मुळातच जास्त असतो आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तो थोडा वाढतो.

आणि हे सगळं मोठ्या माणसांचं आहे. आठ-दहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या दोन डोळ्यांत फरक निघाला तर यातलं वाचून त्याच्या काचेचा नंबर परस्पर कमी करू नका. मुलांना पूर्ण चष्मा मोठ्यांपेक्षा खूप चांगला सोसतो, आणि नाही घातला तर जास्त नंबरचा डोळा आळशी होतो, तो मोठेपणी परत आणणं फार अवघड जातं. मुलाला त्रास होतोय असं वाटलं तर डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तोच नंबर घाला.